फॉन्ट नसताना बोधचिन्हातला एक शब्द बदलायचा तर

इंकस्केपच्या एसव्हीजी फाइलमध्ये टाइप केलेल्या मजकुरासोबत फॉन्टचे फक्त नाव साठवलेले असते, अक्षरांचे आकार नसतात. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर इंकस्केप मुकाट्याने दुसराच फॉन्ट लावून मजकूर दाखवते. म्हणून छपाईवाले ‘फाइल कर्व्ह करून द्या’ म्हणतात. कर्व्ह केले की अक्षर म्हणजे निव्वळ बाह्यरेषा, आणि ती कुठल्याही संगणकावर सारखीच दिसते. पण मग तो शब्द टाइप करून बदलता येत नाही. तरीही हाताशी असलेल्या आकारांतूनच नवा शब्द जुळवता येतो, आणि देवनागरीत हे काम विशेष सोपे पडते.

आधी फाइलमध्ये नेमके काय आहे ते पाहावे. शब्दावर क्लिक केल्यावर खालच्या पट्टीत Text दिसले, तर तो अजून मजकूरच आहे. अशा वेळी फॉन्ट नसलेल्या संगणकावर Path > Object to Path देऊ नये, कारण चुकीच्या फॉन्टचेच आकार कायमचे पक्के होतील. ती आज्ञा ज्याच्याकडे फॉन्ट आहे त्याच्या संगणकावर द्यायची. Path दिसले, किंवा Path चा गट दिसला, तर पुढे जायला हरकत नाही.

समजा, एका वाचनालयाच्या बोधचिन्हात ‘वाचनालय’ या शब्दाच्या जागी ‘बालवाचनालय’ हवे आहे. लागणारी अक्षरे जुन्या शब्दातच आहेत. ‘वा’ सुरुवातीला आहे, ‘नालय’मध्ये काना आणि ल शेजारी शेजारी आहेत, आणि ‘ब’ हा ‘व’च्या पोटात तिरकी रेघ देऊन होतो.

शब्द अक्षरागणिक सुटा असेल तर Shift+Ctrl+G देऊन गट मोडावा आणि हवी ती अक्षरे उचलावीत. पण शिरोरेषेसकट सगळा शब्द एकाच आकारात जोडलेला असेल, तर Ctrl+D ने त्याची प्रत काढावी. ‘वा’ झाकेल असा आयत त्या प्रतीवर काढून, दोन्ही निवडून Path > Intersection द्यावे. तेवढाच तुकडा उरतो. आयताची कड दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून, फक्त शिरोरेषा कापत जायला हवी. Break Apart वापरण्याचा मोह टाळावा. त्याने ‘व’च्या पोटाची पोकळी वेगळा आकार होऊन काळी भरते.

अशाच रीतीने काना आणि ल यांचा एकत्र तुकडा काढावा. आता दोन्ही तुकड्यांतले काने एकमेकांवर तंतोतंत बसवले की ‘वाल’ तयार होते आणि अक्षरांमधले अंतर मूळ रेखाटनकाराने ठेवले होते तेच राहते. सरकवताना Ctrl दाबून ठेवले तर तुकडा आडवाच सरकतो, शिरोरेषा वर-खाली होत नाही. ‘ब’ची तिरकी रेघ पेनने काढून तिची जाडी ‘व’च्या बारीक भागाशी जुळवावी. Path > Stroke to Path देऊन तिचाही आकार करावा. तिची टोके ‘व’च्या काळ्या भागात थोडी शिरलेली असावीत.

नवा सांधा एकच उरतो, ‘ल’ आणि जुन्या शब्दाचा ‘व’. इथे उभ्या दांड्यानंतर गोल अक्षर येते, म्हणून काना आणि ल यांच्यातले अंतर आधार धरावे आणि मग डोळ्याने थोडे कमी-जास्त करावे.

सगळे तुकडे शिरोरेषेवर थोडे एकमेकांत शिरवून Path > Union द्यावे. नुसत्या टेकलेल्या कडांमधून पडद्यावर पांढरी केसरेघ दिसते. व्हायनल कापणाऱ्या प्लॉटरचे पाते तर प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरते, त्यामुळे एकमेकांवर आलेल्या तुकड्यांमुळे पाटीवरच्या अक्षरांत आडवे काप पडतात. Ctrl+5 ने बाह्यरेषांचे दृश्य लावले की अक्षरांच्या आत राहिलेली प्रत्येक जादा रेघ दिसते.

शब्द लांबला म्हणून तो आडवा दाबून जुन्या जागेत बसवू नये. उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते, आणि शेजारच्या शब्दाशी विसंगती लगेच नजरेत येते. गरज पडली तर सगळी ओळच Ctrl धरून प्रमाणात लहान करावी.

‘ग्रंथालय’ हवे असते, तर मात्र ही युक्ती चालली नसती. त्यातले ग्र आणि थ जुन्या शब्दात नाहीत, आणि अंदाजाने काढलेले जोडाक्षर उपरेच दिसते. तेव्हा मूळ फॉन्ट शोधणे बरे. तो ‘मुक्त’सारखा खुल्या परवान्याचा असेल तर विनामूल्य मिळतो. तसा नसेल, तर ज्याच्याकडे फॉन्ट आहे त्याच्याकडून तेवढा एकच शब्द त्याच मापात कर्व्ह करून मागवावा.