रे घेऊन आली, सा सोडून गेली

मनू, तुझ्या सरांच्या स्लाइड मी नीट पाहिल्या. पहिलीवर दोन लाटा एकमेकींना भेटतात. दुसरीवर दोरीची लाट पुढे न जाता जागच्या जागी वरखाली होते. तिसरीवर ॲम्ब्युलन्स आहे, तिच्यापुढे दाट वर्तुळं आणि मागे विरळ. तू म्हणालीस, हे तीन वेगळे धडे आहेत आणि तिन्हींची सूत्रं वेगळी पाठ करायची आहेत. मला त्यात एकच गोष्ट दिसते. ती एका भिंतीपाशी सुरू होते, म्हणून आधी गच्चीवर चल.

तुझ्या फोनवर टोन जनरेटरचं ॲप घे आणि ६८० हर्ट्झचा सूर लाव. म्हणजे फोन हवेला सेकंदाला ६८० धक्के देणार, आणि दर धक्क्यासरशी हवेची एक दाटी पुढे निघणार. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हवा तापली की थोडा जास्त, पण आपण हिशेबाला ३४० धरू. एका सेकंदात ३४० मीटर लांबीत ६८० दाट्या बसल्या, तर लागोपाठच्या दोन दाट्यांमध्ये अंतर किती? बरोबर, ५० सेंटीमीटर. हीच तरंगलांबी.

आता फोन भिंतीपासून तीनेक मीटरवर, भिंतीकडे तोंड करून ठेव. एक कान बोटानं बंद कर, कारण दोन कान दोन जागी असतात आणि ते दोन वेगळ्या बातम्या देतील. दुसरा कान भिंतीला जवळजवळ टेकव आणि अगदी हळू मागे ये.

"आजोबा, भिंतीशी मोठा होता, आता एकदम बारीक झाला! आणि आता परत मोठा!"

झाला ना? भिंतीपासून साडेबारा सेंटीमीटरवर आवाज पडतो, २५ वर उठतो, साडेसदतीसवर पुन्हा पडतो. का, ते बघ. तुझ्या कानापाशी दोन लाटा येतात, एक थेट फोनकडून आणि दुसरी भिंतीवर आपटून परत आलेली. दोघी एकमेकींतून आरपार जातात, कुणाचंही काही बिघडत नाही. पण ज्या जागी भेटतात तिथली हवा दोघींचंही ऐकते आणि दोघींची बेरीज करते. साडेबारा सेंटीमीटरवर परतीच्या लाटेला जाऊन-येऊन २५ सेंटीमीटर जादा चालावं लागतं. ते अर्ध्या तरंगलांबीइतकं आहे. त्यामुळे थेट लाटेची दाटी येते त्याच क्षणी परतीच्या लाटेची विरळ बाजू येते, आणि बेरीज शून्याकडे जाते. २५ सेंटीमीटरवर जादा वाट पूर्ण ५० ची होते, दाटीवर दाटी पडते आणि आवाज दुणावतो. हे व्यतिकरण, म्हणजे तुझी पहिली स्लाइड.

आणि या शांत जागा हलत नाहीत. तू त्यांच्यावर खडूनं खुणा करू शकतेस, दर २५ सेंटीमीटरवर एक. दोन्ही लाटा वेगानं धावताहेत, एक भिंतीकडे आणि एक भिंतीकडून, पण त्यांच्या बेरजेचा नकाशा जागीच थांबलेला आहे. ही तुझी दुसरी स्लाइड, स्थिर तरंग. शांत जागा म्हणजे निस्पंद बिंदू.

इथे मुलं एका ठिकाणी हमखास अडखळतात. स्लाइडवर दोरीचं टोक भिंतीला बांधलेलं आहे आणि तिथे निस्पंद दाखवला आहे. मग तुझ्या कानाला भिंतीशी आवाज मोठा का लागला? स्लाइडवर दोरी किती हलते ते काढलं आहे. भिंतीला चिकटलेली हवाही हलू शकत नाही, म्हणून हालचालीचा निस्पंद भिंतीशीच आहे. पण हवेला मागे सरायला जागा नसली की दाब सगळ्यात जास्त चढतो-उतरतो, आणि कानाचा पडदा ओळखतो तो दाब. हालचाल जिथे शून्य, तिथे दाबाचा चढउतार सर्वांत मोठा. चित्र आणि कान, दोघंही खरं सांगताहेत.

शांत जागा पूर्ण शांत मात्र सापडणार नाही. भिंत थोडा आवाज गिळते, आणि परतीची लाट लांबून आल्यामुळे थकलेली असते. भिंतीपासून दूर गेलीस की ती आणखी अशक्त होते आणि तिला थेट लाटेला खोडता येत नाही. म्हणून हा खेळ भिंतीच्या जवळच खेळायचा.

आता भिंतीकडे चालत ये, सेकंदाला एक मीटर या चालीनं. दर २५ सेंटीमीटरवर एक शांत जागा, म्हणजे सेकंदाला चार ओलांडशील. आवाज सेकंदाला चारदा हेलकावेल. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

आता तोच प्रसंग मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो. शांत जागा विसर आणि नुसत्या दाट्या मोज. फोनकडून येणाऱ्या लाटेपासून तू पळते आहेस, त्यामुळे एका सेकंदात तुला गाठणाऱ्या दाट्या थोड्या कमी होतील. तू एक मीटर पुढे सरकलीस आणि एका मीटरमध्ये दोन दाट्या बसतात. म्हणजे ६८० ऐवजी ६७८. भिंतीकडून येणाऱ्या लाटेला मात्र तू सामोरी जाते आहेस, म्हणून तिच्या दोन दाट्या जादा, ६८२. तुझ्या कानात आता दोन जवळजवळ सारखे सूर आहेत. असे दोन सूर एकत्र वाजले की आवाज त्यांच्यातल्या फरकाइतक्या वेळा हेलकावतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना कलाकार हाच हेलकावा ऐकत असतो आणि तो थांबेपर्यंत मणी सरकवतो. ६८२ वजा ६७८ किती?

"चार! पण आधीही चारच आले होते."

येणारच. शांत जागा मोजल्या तरी चार, सूर बदलले असं म्हटलं तरी चार. चालणाऱ्याला सूर बदललेला ऐकू येतो, यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. तुझी तिसरी स्लाइड पहिल्या दोन स्लाइडच्या पोटातच होती.

आता ॲम्ब्युलन्सकडे वळू. इथे ऐकणारा थांबलेला आहे आणि आवाज करणारी गाडी चालते आहे, म्हणून हिशेब जरा बदलतो. खरा सायरन स्वतःच खालीवर होत असतो, त्यामुळे आपण त्यातला एकच सूर धरू, तोच ६८० चा. गाडी ताशी ७२ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं येते आहे. एक दाटी सोडली की पुढची सोडेपर्यंत गाडी जवळजवळ तीन सेंटीमीटर पुढे आलेली असते. दाटी एकदा सुटली की तिचा वेग हवा ठरवते, गाडीला त्यात काही सांगता येत नाही. त्यामुळे पुढच्या बाजूला दाट्यांमधलं अंतर ५० चं ४७ होतं आणि मागच्या बाजूला ५३. स्लाइडवरची दाट आणि विरळ वर्तुळं ती हीच. एका सेकंदात ३४० मीटर लांबीतल्या दाट्या तुझ्या कानावरून जाणार, मग येताना तुला साधारण ७२२ ऐकू येतील आणि जाताना ६४२.

या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढ. ते येतं ३४० अधिक २० भागिले ३४० वजा २०, म्हणजे ३६० भागिले ३२०, म्हणजे नऊ अष्टमांश. हे आपल्या षड्ज आणि शुद्ध रिषभातलं अंतर आहे. ताशी ७२ नं जाणारी ॲम्ब्युलन्स येताना रे गाते आणि गेल्यावर सा. रस्त्यावर कान तयार असेल तर या उतरण्यावरून गाडीच्या वेगाचा अंदाज बांधता येतो.

हे सुराचं उतरणं एकदा मुद्दाम तपासलं गेलं. ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे ही कल्पना मांडली ती जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. ताऱ्यांचे रंग त्यांच्या वेगामुळे दिसतात, हे त्यांचं म्हणणं चुकीचं निघालं. हॉलंडच्या बाइस बॅलट यांना तेव्हाच शंका होती. त्यांनी १८४५ च्या जून महिन्यात उट्रेक्ट ते मार्सेन या रेल्वेमार्गावर गाडीत कर्णे वाजवणारे वादक बसवले आणि रूळांशेजारी तयार कानाचे संगीतकार उभे केले. वारंवारता मोजणारं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून संगीतकारांचे कान हीच मोजपट्टी. येताना सूर चढा आणि जाताना उतरलेला निघाला. आवाजाबाबत डॉपलर बरोबर ठरले.

आता एक प्रश्न. ॲम्ब्युलन्स जवळ येत जाते तसा सूर चढत जातो का?

"हो ना! जवळ आली की चढतो."

सगळ्यांना तसंच वाटतं. पण वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. गाडी दुरून सरळ तुझ्याकडे येत असते तेव्हा सूर चढा असतो आणि तेवढाच राहतो. तू रस्त्यापासून दहा मीटरवर उभी असलीस, तर गाडी समोर येऊ लागते तसा तिच्या वेगातला तुझ्या दिशेचा वाटा कमी होतो आणि सूर उतरू लागतो. बहुतेक घसरण समोरून जातानाच्या एक-दोन सेकंदांतच होते. आणि गाडी तुझ्या बरोबर समोर असताना निघालेला आवाज अगदी मूळचा ६८० चाच ऐकू येतो, कारण त्या क्षणी ती तुझ्याकडे येतही नसते आणि दूर जातही नसते.

हे कोनाचं गणित लक्षात ठेव. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या पायांचा डॉपलर करायला सांगितला होता, त्यातही हेच होतं. तो प्रोब कानाला न ऐकू येणारा, सेकंदाला ५० लाख कंपनांचा आवाज शरीरात सोडतो. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणून तरंगलांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. वाहत्या रक्तातल्या पेशी ही तिथली भिंत, फक्त ही भिंत स्वतः चालते. परत आलेली लाट यंत्र मूळ लाटेत मिसळतं आणि हेलकावे मोजतं. गच्चीवर तू एक मीटरला २५ सेंटीमीटरनं भागून चार काढलेस. इथेही तसंच, रक्ताच्या वेगाला अर्ध्या तरंगलांबीनं भागायचं. रक्त सरळ प्रोबच्या दिशेनं सेकंदाला ५० सेंटीमीटर वाहत असेल, तर हेलकावे सेकंदाला सुमारे ३२५० होतात. इतके जलद हेलकावे कानाला सूर म्हणून ऐकू येतात. खोलीत स्पीकरवर जो सूं-सूं आवाज येत होता, तो हेलकाव्यांचा होता.

पण प्रोब रक्तवाहिनीशी काटकोनात धरला, तर रक्त प्रोबकडे येतही नाही आणि दूरही जात नाही. मग धडधाकट वाहणारं रक्तही थांबलेलं दिसेल. म्हणून तपासणारी मुलगी प्रोब सारखा तिरपा करत होती. कोन ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा नियम असतो. ६० अंशांवर हेलकावे निम्मे होतात, १६०० च्या आसपास, आणि यंत्राला कोन सांगितला की ते खरा वेग काढून देतं. काटकोनाच्या जवळ मात्र कोन जरासा चुकला तरी उत्तर फार चुकतं. परीक्षेत तिसऱ्या स्लाइडवर प्रश्न आला, तर सूत्र लिहिण्याआधी एवढं विचार: लाट सोडणारा आणि ऐकणारा यांतलं कोण सरकतं आहे, आणि दुसऱ्याच्या दिशेनं किती वेगानं? बाकीचं गणित तू आत्ताच भिंतीपाशी करून आलीस.