एकशेवीस मेल, उत्तर एकही नाही

भोसरीत माझ्या एका मित्राचं मोजमापाची साधनं तपासून देण्याचं छोटं काम आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज वगैरे. त्यानं आसपासच्या कारखान्यांना 120 मेल पाठवले आणि तीन आठवडे वाट पाहिली. एकही उत्तर आलं नाही. ‘मजकूर पुन्हा लिहून दे,’ म्हणत तो माझ्याकडे आला.

मी आधी यादी मागितली. 31 मेल ‘Address not found’ म्हणून परत आले होते, ते त्यानं बघितलेच नव्हते. 52 मेल info@ किंवा sales@ अशा पत्त्यांवर गेले होते, जिथे रोज विक्रेत्यांचा पाऊस पडतो. 14 तर नुसते व्यापारी. त्यांच्याकडे तपासायला साधनंच नाहीत. उरले 23, म्हणजे ज्यांच्या हातात हा निर्णय असतो ते क्वालिटीचे लोक.

यादी आधी बघायची ती याचसाठी. वीसातला एक जण उत्तर देईल असा मेल 120 योग्य माणसांना गेला, तर शून्य उत्तरं येणं जवळपास अशक्य. तोच 23 जणांना गेला, तर शून्य येण्याची शक्यता तीस टक्के. म्हणजे मजकुरावर अजून निकाल लागलेलाच नव्हता. शिवाय इतके मेल परत आले की पाठवणाऱ्याची पत घसरते आणि पुढचे मेल स्पॅममध्ये पडू लागतात. म्हणून त्यानं स्वतःच्याच दुसऱ्या जीमेलवर एक मेल टाकून पाहिला. इनबॉक्समध्ये आला. ‘Show original’मध्ये SPF, DKIM, DMARC तिन्हींपुढे PASS होतं.

‘पण निम्म्यांनी मेल उघडलाय!’ तो म्हणाला. त्या आकड्यावर विसंबू नये. 2021पासून ॲपलचं मेल ॲप माणसानं मेल उघडण्याआधीच त्यातली चित्रं उतरवून घेऊ शकतं आणि मोजणी त्यालाच ‘उघडला’ समजते.

मजकुराचे पहिले दोन परिच्छेद कंपनीच्या इतिहासाचे होते, कामाची ओळ सातवी. ती वर आणली, एवढंच.

खरी अडचण मागणीत होती. ‘अर्ध्या तासाची भेट द्या.’ अनोळखी माणसाला अर्धा तास कोण देतो? त्याऐवजी लिहिलं: ‘साधनांची यादी पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत दर कळवतो.’ ही यादी क्वालिटीवाल्याच्या कॉम्प्युटरवर तयारच असते.

वेळेचा विचार सगळ्यात शेवटी, कारण ‘मार्चएंड होता’ ही सबब कशालाही चालते. या धंद्यात मात्र वेळेला अर्थ आहे. बहुतेक साधनांची तपासणी वर्षाकाठी होते आणि ऑडिट जवळ आलं की तिची आठवण येते.

नव्यानं शोधलेल्या 60 जणांना मेल गेले. पाच उत्तरं आली. तिघांनी याद्या पाठवल्या. उरलेल्या दोघांचं काम गेल्याच महिन्यात झालं होतं. मित्रानं त्यांच्या पुढच्या तारखा विचारून घेतल्या.