वाचून दाखवलेली बेरीज म्हणजे बोली नव्हे

निविदा उघडताना वाचून दाखवलेला आकडा हाच अंतिम आणि त्यानंतर कुणी बेरजा तपासून क्रम बदलला तर ती हातचलाखी, हा समज इतका पक्का आहे की गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत तुलनात्मक तक्ता पुन्हा बेरजेला घेणाऱ्या माणसावरच संशय घेतला जातो. खरं तर तो न तपासता सही करणाऱ्याला जाब विचारायला हवा. बाबनिहाय दरांच्या निविदेत कंत्राटदाराची खरी बोली दराच्या रकान्यात असते. रक्कम म्हणजे त्या दराला निविदेतल्या परिमाणाने गुणून आलेलं उत्तर, आणि तळाची बेरीज हे त्या उत्तरांचं उत्तर. ही उत्तरं चुकू शकतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इमारतीच्या दुरुस्तीत तीन बाबी आहेत: प्लास्टर 1,200 चौरस मीटर, रंग 2,400 चौरस मीटर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग 400 चौरस मीटर. ‘अ’चे दर अनुक्रमे 620, 145 आणि 1,150 रुपये, बेरीज 15,52,000. ‘ब’चे दर 600, 150 आणि 1,210 रुपये, बेरीज 15,28,000. सगळे म्हणणार, ‘ब’ सर्वात कमी. आता प्रत्येक ओळीचा गुणाकार करून पाहा. ‘ब’च्या तिसऱ्या ओळीत 1,210 गुणिले 400 म्हणजे 4,84,000 हवेत, पण लिहिले आहेत 4,48,000. अंकांची अदलाबदल झाली आहे. दुरुस्त बेरीज 15,64,000 होते आणि ‘अ’ 12,000 रुपयांनी खाली येतो. ‘ब’ने लिहिलेल्या तीन रकमांची बेरीज अचूकच आहे, त्यामुळे नुसता रकाना पुन्हा मिळवणाऱ्याला ही चूक कधीच सापडली नसती. तफावत 36,000 रुपयांची आहे आणि तिला 9 ने भाग जातो. शेजारचे अंक उलटे पडले की फरकाला 9 ने भाग जातोच, म्हणून अशी तफावत दिसली की आधी अदलाबदल शोधावी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘ब’ने स्वतःच 15,28,000 लिहिले ना, मग त्याला त्यातच बांधा, संस्थेचे पैसे वाचतील. वाचणार नाहीत. अशा कंत्राटात बिल निघतं ते प्रत्यक्ष मोजमाप गुणिले दर या हिशेबाने. गच्ची 400 चौरस मीटरच भरली, तरी तो 1,210 च्या दराने 4,84,000 रुपयेच घेणार. म्हणूनच दर आणि रक्कम जुळत नसतील तर दर ग्राह्य, असा नियम केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आणि जागतिक बँकेच्या निविदा-दस्तऐवजांत आहे. जागतिक बँक एक अपवाद ठेवते: दरातलं दशांश चिन्ह उघडच सरकलेलं असेल, तर रक्कम धरून दर सुधारायचा. एकरकमी कंत्राटाची गोष्ट वेगळी. तिथे पैसे ठरलेल्या एकूण रकमेवर मिळतात, म्हणून दराला हे वजन नसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुद्दाम चुकीची बेरीज लिहायची, इतरांचे आकडे कळले की सोयीची बाजू निवडायची, असं कुणी केलं तर? धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे निवड बोलीदाराच्या हाती न ठेवणं. दुरुस्तीचा नियम निविदेत आधीच छापलेला असावा, तो सर्वांना सारखाच लावावा आणि लिफाफे उघडतानाच प्रत्येक पानावर, प्रत्येक खाडाखोडीवर सह्या व्हाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली पश्चिम बंगाल राज्य विद्युत मंडळ विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग या खटल्यात हीच रेघ ओढली. दर लिहिण्यातल्या चुका मागाहून सुधारू द्या, ही बोलीदाराची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. चुका निविदेतल्या नियमाप्रमाणेच सुधारायच्या. गणित तपासणं वेगळं आणि दर बदलू देणं वेगळं, या दोन्हींची सरमिसळ आता तरी थांबावी. दुरुस्त आकडा बोलीदाराला मान्य नसेल तर त्याची बोली बाद होते.

उरलेले समज थोडक्यात. ‘अक्षरी आकडाच नेहमी खरा’: केंद्रीय बांधकाम विभागाच्या नियमात अंकी आणि अक्षरी दरांपैकी ज्याने लिहिलेली रक्कम जुळते तो आधी धरतात, दोन्ही जुळत नसतील तरच अक्षरी. ‘एक्सेलची बेरीज चुकत नाही’: मजकूर म्हणून साठवलेला आकडा `=SUM(E2:E4)` मुकाट्याने वगळतो. ‘तक्ता तपासला की झालं’: तक्ता कारकुनाने उतरवलेला असतो, पडताळणी मूळ लिफाफ्यातल्या पानांवरूनच करायची. ‘ई-निविदेत हा प्रश्नच नाही’: तिथल्या दरपत्रकात गुणाकार आपोआप होतो, म्हणून अशा चुका कमी होतात, पण सोसायट्या आणि विश्वस्त संस्था अजून कागदावरच दरपत्रकं मागवतात.