‘जरा’ राहू द्या, ‘बहुधा’ काढा

बुऱ्हाणपूरच्या केळीबाजारात माल गेला, गाडी भरली, अर्धी रक्कम आली आणि उरलेली अडकली, हे शहापूरकडच्या शेतकऱ्याला नवं नाही. मग व्यापाऱ्याला जो संदेश जातो तो साधारण असा: ‘शेठ, मला वाटतं मागच्या गाडीचे बहुधा थोडे पैसे राहिले असतील. जमलं तर जरा बघा ना. फक्त आठवण करून देत होतो.’ उत्तर येतं, ‘हो हो, बघतो.’ आणि ते पाहणं पुढच्या घडापर्यंत लांबतं.

यातले ‘मला वाटतं’, ‘बहुधा’ हे शब्द काढायला सांगितलं की पहिली हरकत येते ती उद्धटपणाची. ‘शेठशी असं तोडून बोलायचं? पुढचा मालही त्यालाच द्यायचाय.’ भीती खरी आहे, पण आपण नम्रता आणि शंका एकत्र करतो. मराठीत आदर ‘तुम्ही’त असतो, ‘नमस्कार’मध्ये असतो, ‘पाठवा ना’मधल्या ‘ना’त असतो. ‘जरा’सुद्धा बऱ्याचदा निव्वळ मार्दव आणतो, ‘जरा पाणी द्या’ म्हणणाऱ्याला तहानेबद्दल शंका नसते. ‘मला वाटतं’, ‘बहुधा’, ‘असतील’ यांचं काम वेगळं. ते शेठचा मान वाढवत नाहीत, आपला हिशेब कच्चा असल्याचं सांगतात.

आता हिशेब मांडू. समजा 84 क्विंटल माल, भाव 1,450 रुपये. एकूण 1,21,800. मिळाले 80,000. बाकी 41,800. तोच संदेश मग असा होतो: ‘शेठ, नमस्कार. सोमवारच्या गाडीचे 84 क्विंटल, 1,450 भावाने 1,21,800 झाले. 80,000 मिळाले, 41,800 बाकी आहेत. खताचं बिल शुक्रवारी भरायचंय, तर गुरुवारपर्यंत पाठवा ना. पट्टीचा फोटो सोबत जोडलाय.’ ‘थोडे’च्या जागी आकडा आला, ‘जमलं तर’च्या जागी वार आला, ‘बघा’च्या जागी ‘पाठवा’ आलं. ‘ना’ मात्र जागेवरच आहे. या संदेशाला ‘बघतो’ म्हणणं अवघड जातं. ‘गुरुवारी नाही, शनिवारी’ असं तरी लिहावं लागतं, आणि तेही चालेल, कारण बोलणं आता तारखेवर आलं.

उलट टोकाचा गैरसमजही आहे: संदिग्ध शब्द काढून ‘ताबडतोब’, ‘तात्काळ’, ‘नाहीतर’ घातले की ठामपणा येतो. ‘ताबडतोब’ म्हणजे कधी, हे ‘जमलं तर’इतकंच मोघम आहे, फक्त आवाज मोठा. पट्टी हातात नसताना चढवलेला आवाज तर पहिल्याच ‘कुठल्या गाडीचं म्हणता?’ला खाली येतो.

आणि हे सगळे शब्द सरसकट छाटायचेही नाहीत. पानांवर पिवळसर पट्टे दिसले आणि कृषी अधिकाऱ्याला बोलवायचं असेल, तर ‘मला वाटतं हा सीएमव्ही आहे’ असंच लिहावं. रोगनिदान आपलं काम नाही. तिथली शंका प्रामाणिक आहे आणि ऐकणाऱ्याला उपयोगी आहे. पण जे डोळ्यांनी मोजलंय त्याला शंका चिकटवू नये: ‘दोन महिन्यांची लागण, 40 झाडांवर पट्टे, चार दिवसांपासून. उद्या येऊ शकाल का?’ या रोगाची झाडं उपटून नष्ट करण्यापलीकडे इलाज नसतो, त्यामुळे ‘काही झाडांवर बहुधा काहीतरी’ असं कळवण्यात गेलेला आठवडा महागात पडतो. हिशेबातही तसंच. वजनातली कपात किती धरली ते माहीत नसेल, तर अंदाज करत बसण्यापेक्षा सरळ विचारावं, ‘कपात किती धरली?’ थेट प्रश्न हाही ठामपणाच.

‘बहुधा’, ‘मला वाटतं’ अशी कचरती भाषा म्हणजे बायकांची सवय, हा समज तर फार पसरलेला. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनीही 1975 सालच्या पुस्तकात तसंच मांडलं होतं. पुढे 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या न्यायालयांतल्या साक्षी तपासल्या, तेव्हा चित्र बदललं. अशी कचरत केलेली साक्ष पुरुषही देत होते. तज्ज्ञ म्हणून उभ्या राहिलेल्या स्त्रिया देत नव्हत्या. फरक पडत होता तो सामाजिक स्थानाने आणि न्यायालयात वावरण्याच्या सवयीने. आपल्याकडे पाहायचं तर घरात पोरांवर खणखणीत ओरडणारा बाप बँकेच्या खिडकीशी ‘साहेब, ते जरा बहुतेक...’ म्हणतो, ते याच कारणाने.

हिंदीत लिहिताना हीच गडबड ‘शायद’, ‘थोड़ा देख लेना’ या वेषात शिरते. सीमेवरच्या आपल्या लोकांनी तेही तपासावं. तोंडी बोलताना घसरण बहुतेक वेळा शेवटी होते. आकडा नीट सांगितला, वार सांगितला, समोरचा क्षणभर गप्प बसला की आपणच म्हणतो, ‘म्हणजे, तशी घाई नाही.’ तेवढ्यात गुरुवार गेला. तिथे वार सांगून थांबावं आणि शेठला बोलू द्यावं.