रातराणीचं घड्याळ

रात्री साडेनऊच्या सुमारास क्लास किंवा जिम आटपून तुम्ही घरी येता आणि सोसायटीच्या गेटपाशी एक दाट, गोड वास अचानक नाकात शिरतो. अंधारात झाड दिसतही नाही, पण कुंपणाशी रातराणी आहे हे कळतं. आता उद्या दुपारी दोन वाजता मुद्दाम त्याच झाडापाशी थांबा. हिरवट-पांढऱ्या, बारीक नळीसारख्या फुलांचे तेच घोस लटकलेले असतील, पण फुलांची तोंडं मिटलेली. फांदी ओढून नाकाशी धरलीत तरी वास जवळजवळ नाहीच. मग रात्री गल्लीभर पसरणारा तो वास दिवसभर असतो कुठे?

पहिलं उत्तर सगळ्यांनाच सुचतं. रात्री हवा शांत असते, म्हणून वास जास्त जाणवत असेल. यात थोडं तथ्य आहे. दिवसा तापलेली हवा वर चढते, घुसळते आणि वास विरून जातो. रात्री तो जमिनीलगत रेंगाळतो. पण एवढ्यावर कोडं सुटत नाही. हातावर अत्तर लावून उन्हात उभे राहा, ते सावलीपेक्षा लवकर उडून जाईल, कारण उष्णता वाढली की वासाचे रेणू जास्त वेगाने हवेत जातात. फुलात वास दिवसभर तयार असता, तर एप्रिलच्या भर दुपारी रातराणीचा घमघमाट सुटायला हवा होता.

शिवाय घरातली फुलदाणी बघा. गुलछडीच्या, म्हणजे निशिगंधाच्या दोन छड्या आणून हॉलमध्ये ठेवल्या तर तिथे ना ऊन, ना वारा. तरीही दिवसा जेमतेम येणारा वास रात्री जेवायच्या वेळी खोली भरून टाकतो. म्हणजे खरी गंमत हवेत नाही, फुलातच आहे. आणि ती झाडापासून तोडलेल्या छडीतही चालू राहते.

अंधार हे बटण नाही

मग दुसरं उत्तर येतं. अंधार पडला की फुलाला कळत असेल आणि वास सुरू होत असेल, रस्त्यावरचे दिवे लागतात तसा. हे तपासायचं कसं? उजेड आणि अंधाराची रोजची अदलाबदल बंद करायची, परिस्थिती एकसारखी ठेवायची आणि फूल काय करतं ते बघायचं. रातराणीवर असा अभ्यास झालेला आहे. लुईझ ओव्हरलँड यांचा त्यावरचा शोधनिबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’मध्ये 1960 साली आला. निष्कर्ष असा, की रातराणीचं उमलणं आणि वास सोडणं हा ताल झाडाच्या आतला आहे. बाहेरून संध्याकाळची खबर मिळाली नाही, तरी तो चालू राहतो.

थोडक्यात, रातराणी अंधार बघून वास सोडत नाही, वेळ बघून सोडते. तिच्या पेशींमध्ये साधारण चोवीस तासांचं घड्याळ आहे. तुमच्या-माझ्यातही तसंच असतं. परदेशातून आलेला चुलतभाऊ पुण्यात पहाटे तीनला टक्क जागा असतो, कारण त्याचं आतलं घड्याळ अजून तिकडच्या वेळेवर असतं. चार-सहा दिवस इथलं ऊन मिळालं, की ते इथल्या वेळेला जुळतं. झाडाचं घड्याळही रोजच्या उजेडाने असंच जुळवलं जातं. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, रातराणीही अमेरिका खंडातलीच. पण आज दोघांचं घड्याळ आपल्या सूर्यास्तावर चालतं.

सकाळचा पहारेकरी

हे घड्याळ वासापर्यंत पोचतं कसं, याचा सगळ्यात नीट तपास पेटुनियात झाला आहे. हिवाळ्यात नर्सरीत कुंड्यांमधून दिसणारं हे कर्ण्यासारखं फूल रातराणीच्याच कुळातलं. वांगी, टोमॅटो, मिरची हीसुद्धा त्याच कुळातली. प्रयोगशाळेत वापरली जाणारी पांढरी पेटुनिया रातराणीसारखीच रात्री सुगंध देते.

तिच्या पाकळ्यांमध्ये ‘ओडोरंट 1’ नावाचा एक जीन आहे. याला कारखान्याचा मुकादम समजा. तो कामावर आला, की वास तयार करणारी यंत्रं सुरू होतात आणि फेनिलअॅलनिन या साध्या अमिनो आम्लापासून पायरीपायरीने सुगंधी रेणू बनायला लागतात. पण सकाळी त्याला आत येऊ न देणारा एक पहारेकरी असतो. तो म्हणजे घड्याळाचाच एक भाग असलेला ‘एलएचवाय’ हा जीन. सकाळी त्याचा जोर असतो, तेव्हा मुकादम गप्प. दिवस कलतो तसा पहारेकरी ढिला पडतो, मुकादम कामाला लागतो आणि रात्र होईपर्यंत वास तयार.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ताकातो इमाइझुमी यांच्या गटाने 2015 मध्ये ही साखळी दाखवून दिली. त्यांनी काही झाडांमध्ये पहारेकऱ्याला चोवीस तास ड्युटीवर ठेवलं, तर वास जवळपास गेलाच. काही झाडांमध्ये त्याला कमकुवत केलं, तर वास ठरलेल्या वेळेच्या आधीच सुटायला लागला.

आता वाटेल, वास सकाळीच बनवून ठेवायचा आणि रात्री झाकण उघडायचं, हे सोपं नव्हतं का? नाही, कारण हे रेणू साठवणं फुलाला परवडत नाही. वास पाकळीतून आपोआप झिरपून बाहेर पडतो, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2017 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या नतालिया दुदारेवा आणि सहकाऱ्यांनी पेटुनियात एक प्रोटीन शोधलं. ते पंपासारखं ऊर्जा खर्च करून सुगंधी रेणू पेशीबाहेर ढकलतं. हा पंप मंद केला, तेव्हा बाहेर येणारा वास कमी झाला, आत तो साचला आणि पेशींच्या पातळ आवरणांना इजा झाली. आपल्याला मोहवणारा वास पेशीच्या आत तुंबला तर पेशीलाच घातक ठरतो.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की वास दिवसभर कुठेही लपलेला नसतो. तो रोज संध्याकाळी ताजा बनतो आणि लगेच बाहेर जातो.

पत्र कोणाच्या नावावर?

रोज एवढा माल आणि एवढी ऊर्जा खर्च करायची, तर ती गिऱ्हाईक दुकानात येईल त्याच वेळी करायला हवी. रातराणी आणि निशिगंधाचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे पतंग, म्हणजे मॉथ. फुलाकडे बघितलं तरी ते कळतं. अंधारात भडक रंगाचा उपयोग नाही, म्हणून रंग फिका. मध लांबट नळीच्या तळाशी, म्हणजे तिथवर सोंड पोचणाऱ्यालाच मिळणार. आणि लांबून रस्ता दाखवायला वास.

याची उलट बाजू बघायची तर बागेतलं डॉग फ्लॉवर घ्या, म्हणजे स्नॅपड्रॅगन. पेटुनियाच्या वासातला एक मुख्य घटक आहे मिथाइल बेंझोएट. स्नॅपड्रॅगनही तोच घटक बनवतं, पण दिवसा, कारण त्याच्याकडे येतात मधमाश्या, आणि त्या उजेडात काम करतात. माल एकच, फक्त दुकानाच्या वेळा वेगळ्या. परागीभवन झालं, की दुकान बंदही होतं. या दोन्ही फुलांत त्यानंतर वास ओसरतो. काम झाल्यावर जाहिरात कशाला?

‘रातराणी लावू नका, साप येतो’ हे तुम्हीही आजीकडून ऐकलं असेल. पण साप मध पीत नाही, त्याला फुलाच्या वासाशी देणंघेणं नाही. झाडाखाली दाट पालापाचोळा असेल, किडे आणि बेडूक असतील, तर साप त्यांच्यासाठी येऊ शकतो, आणि तो जास्वंदीखालीही येईल. हा वास त्याच्या नावावर नाहीच.

पत्र वाटेतच गहाळ

वेळ अचूक पाळूनही वास पोचलाच नाही तर? वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हवेतला ओझोन यांच्यापासून नायट्रेट रॅडिकल नावाचे रेणू तयार होतात. दिवसा सूर्यप्रकाश त्यांना मोडून टाकतो, त्यामुळे ते साठतात रात्री, म्हणजे नेमके पतंगांच्या वेळेला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका रानफुलावर, पांढऱ्या इव्हिनिंग प्रिमरोजवर, झालेला अभ्यास 2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. या रॅडिकलमुळे फुलाच्या वासातले काही महत्त्वाचे घटक हवेतच मोडतात, असं त्यात दिसलं. मग संशोधकांनी रानात नकली फुलं ठेवली. काहींना मूळ वास दिला, काहींना असा बिघडलेला. बिघडलेल्या वासाच्या फुलांकडे हॉकमॉथ या मोठ्या पतंगांच्या फेऱ्या सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाल्या. झाड वेळेवर होतं, पतंगही वेळेवर होता, पण मधल्या हवेने निरोप खाल्ला.

आज रात्री करून बघा

फुलवाल्याकडून सिंगल निशिगंधाच्या चार ताज्या छड्या आणा. खालची दोन-चार फुलं उमललेली आणि वर कळ्या, अशा. ‘डबल’ जातीची फुलं दिसायला भरगच्च, पण तिचा वास कमी, ती नको. सकाळी सगळ्या छड्या पाण्यात ठेवा. दोन खिडकीपाशी, दोन अंधाऱ्या कपाटात. दुपारी तीनला आणि रात्री दहाला एका मित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि प्रत्येक छडीच्या वासाला शून्य ते पाच गुण द्यायला सांगा. कोणती छडी कुठली, हे त्याला कळू देऊ नका.

दोन ठिकाणी फसगत होते. कपाटात साचलेला वास छडीचा समजला जातो, म्हणून छडी बाहेर काढून पंख्याखाली दोन मिनिटं धरा आणि मगच हुंगायला द्या. आणि नाक लवकर थकतं, म्हणून दोन हुंगण्यांत काही मिनिटं जाऊ द्या. रात्री दहालाही कुठल्याच छडीला वास नसेल, तर फुलं शिळी किंवा फ्रीजमधली असणार. दुसऱ्या दुकानातून आणा.

अंधार हेच बटण असतं, तर कपाटातल्या छड्यांनी दुपारी तीनलाच घमघमायला हवं. घड्याळ खरं असेल, तर कपाटातल्या आणि खिडकीतल्या, दोन्ही छड्या दुपारी मवाळ असतील आणि दोन्ही रात्री वाढतील. गुण कागदावर लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका. रात्री दहाला काय होणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे, आणि अशा वेळी आपलं नाक आपल्याला हवं तेच सांगतं.