प्रत्येक ओळीतला एकच सेल रंगवायचा, तर डॉलर कुठे?

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात रोज संध्याकाळी बाजार समितीतले भाव एक्सेलमध्ये भरले जातात. A कॉलममध्ये मालाची नावं: कांदा, टोमॅटो, बटाटा, कोबी, हिरवी मिरची आणि लसूण. B पासून G पर्यंत सोमवार ते शनिवार. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून कांदा दुसऱ्या ओळीत आणि लसूण सातव्या. आठवडा संपला की सभासदांचा प्रश्न ठरलेला: कोणत्या मालाला कोणत्या वारी चढा भाव मिळाला? एका नजरेत दिसावं म्हणून प्रत्येक ओळीतला सर्वांत मोठा आकडा पिवळा करायचा आहे.

कांद्याची ओळ पुढे लागणार आहे, ती आत्ताच पाहून ठेवू. क्विंटलला १६५०, १७२०, १८१०, १७८०, १७४० आणि १६९०, म्हणजे चढा भाव बुधवारचा. (हे आकडे फक्त उदाहरणापुरते, कुणी बाजारात दाखवू नयेत.)

एक्सेलमध्ये तयार मिळणारा सोपा मार्ग इथे फसतो. Conditional Formatting मधल्या Top/Bottom Rules मध्ये जाऊन Top 10 Items निवडलं आणि १० च्या जागी १ केलं, तर अख्ख्या तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा रंगतो. लसणाचा भाव नऊ हजारांच्या घरात आणि कांद्याचा दोन हजारांच्या आत, तेव्हा पिवळा रंग लसणाच्याच वाट्याला जाणार. हाच नियम प्रत्येक ओळीला वेगवेगळा लावता येतो, पण सहा ओळींचे सहा नियम होतात आणि साठ ओळींचे साठ. त्यापेक्षा एकच फॉर्म्युला पुरतो:

```
=B2=MAX($B2:$G2)
```

तो लावायचा असा. B2 वर क्लिक करून G7 पर्यंत ओढत सिलेक्शन करायचं. Home टॅबवर Conditional Formatting, मग New Rule, आणि त्यात शेवटचा पर्याय Use a formula to determine which cells to format. खालच्या चौकटीत हा फॉर्म्युला, Format बटणातून Fill चा पिवळा रंग, आणि OK.

फॉर्म्युला दिसतो एकदाच लिहिलेला, पण एक्सेल तो छत्तीसही सेलसाठी वेगवेगळा वाचतं. B2 साठी जसा लिहिला तसा. शेजारच्या C2 कडे गेलं की पहिला B2 सरकून C2 होतो. खाली B3 कडे गेलं की तो B3 होतो आणि कंसातली ओळही तिसरी होते. ज्याच्या पाठीशी डॉलर नाही ते सरकतं आणि ज्याच्या अक्षराआधी किंवा आकड्याआधी डॉलर आहे ते जागेवर राहतं. डॉलर म्हणजे ठोकलेला खुंटाच. `$B2` मध्ये B ला खुंट्याला बांधलंय, २ मात्र मोकळा. म्हणून सेल कुठलाही असो, तुलना त्याच्या स्वतःच्या ओळीतल्या B ते G या सहा आकड्यांशीच होते. अर्धं बांधलेलं, अर्धं मोकळं, म्हणून याला मिश्र संदर्भ म्हणतात.

हा प्रश्न स्प्रेडशीटइतकाच जुना आहे. १९७९ सालच्या व्हिसिकॅल्कमध्ये फॉर्म्युल्याची नक्कल करताना प्रत्येक संदर्भासाठी प्रोग्रॅम विचारायचा, हा सरकवायचा की तसाच ठेवायचा. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये हे उत्तर डॉलरच्या रूपाने फॉर्म्युल्यातच लिहिलेलं असायचं. एक्सेलने तीच रीत ठेवली.

आता डॉलर चुकले तर काय होतं ते पाहायला हवं, कारण या कामात एरर येत नाही. रंग येतो, फक्त भलत्याच ठिकाणी येतो.

एकही डॉलर न घालता `=B2=MAX(B2:G2)` लिहिलं, तर C2 ची तुलना C2:H2 शी होते, D2 ची D2:I2 शी. म्हणजे प्रत्येक आकडा फक्त स्वतःशी आणि आपल्या उजवीकडच्यांशी ताडला जातो. कांद्याच्या ओळीत बुधवारचा १८१० रंगतो, ते बरोबरच. पण गुरुवारच्या १७८० च्या उजवीकडे त्याहून मोठं कुणी नाही, म्हणून तोही रंगतो. तसाच शुक्रवार. शनिवारच्या उजवीकडे तर सगळं रिकामं, त्यामुळे त्याला स्पर्धाच नाही. ओळीत चार पिवळे सेल! या चुकीची खूण पक्की आहे: शेवटचा कॉलम वरपासून खालपर्यंत रंगलेला दिसतो.

याच्या उलट सगळीकडे डॉलर घातले आणि `=$B$2=MAX($B$2:$G$2)` झालं, तर छत्तीसही सेल एकच प्रश्न विचारतात: सोमवारचा कांदा आठवड्यात सर्वांत महाग होता का? नव्हता, म्हणून काहीच रंगत नाही. असता तर पूर्ण तक्ता पिवळा झाला असता. ही चूक निदान लपत तरी नाही.

लपते ती मधली. `=B2=MAX($B$2:$G$2)` मध्ये पहिला B2 मोकळा आहे, पण कंसातल्या २ लाही खुंट्याला बांधलंय. आता टोमॅटोपासून लसणापर्यंत सगळ्यांची तुलना कांद्याच्या १८१० शी होते. कांद्याची ओळ अगदी बरोबर रंगते आणि बाकीच्या ओळी कोऱ्या राहतात. बटाटा कधी नेमका १८१० ला गेला, तर तोही पिवळा. तपासताना माणूस पहिली ओळ पाहतो, ती बरोबर दिसली की फाइल पाठवून देतो. म्हणून ही चूक सर्वांत घातक.

ती इतकी सर्रास का होते, याचं कारण एक्सेलच्या सवयीत आहे. नियमाच्या चौकटीत टाइप न करता माउसने सेल निवडले, तर एक्सेल आपणहून दोन्हीकडे डॉलर घालून `$B$2` लिहितं. तिथे कर्सर ठेवून F4 दाबलं की डॉलर बदलत जातात: एकदा दाबल्यावर `B$2`, दोनदा दाबल्यावर `$B2`, तिसऱ्यांदा नुसता `B2`. कंसातली रेंज पूर्ण निवडून F4 दोनदा दाबायचं, पहिल्या B2 वर तीनदा. त्या चौकटीत बाणाची की दाबली तर कर्सर सरकण्याऐवजी भलत्या सेलचा पत्ता घुसतो, याने अनेक जण वैतागतात. आधी F2 दाबलं की बाण सरळ चालतात.

डॉलर जमले की पुढचा त्रास रिकाम्या ओळीचा. एखाद्या आठवड्यात कोबीची आवकच झाली नाही, तर कोबीचे सहाही सेल पिवळे होतात. रिकाम्या सेलचं MAX शून्य येतं आणि तुलनेत रिकामा सेलही शून्य धरला जातो, म्हणून शून्य बरोबर शून्य. त्याला आवर घालायला एक अट वाढवावी लागते:

```
=AND(B2<>"",B2=MAX($B2:$G2))
```

दुसरा त्रास मजकुराच्या रूपातल्या आकड्यांचा. व्हॉट्सॲपवरून किंवा दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेला १८१० कधी कधी मजकूर म्हणून बसतो. MAX त्याला मोजतच नाही, आणि रंग गुरुवारच्या १७८० ला मिळतो. असा आकडा सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो.

सिलेक्शनची चूक मात्र जाणत्यांकडूनही होते. पुढे माल वाढेल म्हणून कुणी B ते G हे पूर्ण कॉलम निवडतो आणि फॉर्म्युला पहिल्या मालासाठी, म्हणजे B2 साठी लिहितो. पण तेव्हा सक्रिय सेल B1 असतो, आणि एक्सेल फॉर्म्युला सक्रिय सेलसाठी लिहिला आहे असं धरतं. परिणामी प्रत्येक ओळीचा रंग एक ओळ वर सरकतो. कांद्याचा बुधवार शीर्षकातल्या ‘बुधवार’ शब्दावर रंगतो. टोमॅटोचा उच्चांक गुरुवारी असेल, तर कांद्याच्या ओळीत १७८० पिवळा होतो, आणि लसणाची ओळ कोरी राहते. प्रत्येक ओळीत एकच रंगलेला आकडा, दिसायला अगदी नीटनेटकं आणि सगळं खोटं. शीर्षकाला रंग चढला की समजावं, फॉर्म्युला एका ओळीने घसरलाय.

सिलेक्शन उलट्या दिशेने, G7 पासून वर B2 कडे ओढलं तरी हेच घडतं, कारण सक्रिय सेल G7 असतो. मग Manage Rules उघडल्यावर कधी `XFA1048573` असा अगम्य पत्ता दिसतो. तो बिघाड नव्हे. शीटच्या वरच्या आणि डाव्या कडेबाहेर गेलेला संदर्भ गोल फिरून शेवटच्या कॉलमांत आणि शेवटच्या ओळींत उतरलेला असतो. गूगल शीट्समध्ये ही भानगड नाही. तिथे Custom formula is मध्ये लिहिलेला फॉर्म्युला रेंजच्या डाव्या वरच्या सेलसाठी धरला जातो, सिलेक्शन कुठूनही केलेलं असो.

एकाच ओळीत दोन दिवशी सारखाच चढा भाव आला, तर दोन्ही दिवस रंगतात. ते योग्यच आहे. दोन्ही दिवशी शेतकऱ्याला तेवढेच पैसे मिळाले. तरीही फक्त पहिला दिवस हवा असेल, तर मिश्र संदर्भाची एक सुरेख युक्ती आहे:

```
=AND(B2<>"",B2=MAX($B2:$G2),COUNTIF($B2:B2,B2)=1)
```

`$B2:B2` मध्ये एक टोक बांधलेलं, दुसरं मोकळं. मंगळवारी ती रेंज `$B2:C2` होते, बुधवारी `$B2:D2`, अशी एकेक सेलने लांबत जाते. तोच भाव आधी येऊन गेला असेल तर मोजणी दोन होते आणि रंग मिळत नाही.

नियम लावून झाला की पहिल्या ओळीवर विश्वास ठेवू नये. मधली एखादी ओळ घ्यावी, समजा हिरव्या मिरचीची, आणि तिच्या मंगळवारच्या सेलमध्ये ९९९९९ टाकून पाहावं. रंग त्याच ओळीत उडी मारून मंगळवारवर आला आणि बाकीच्या पाच ओळी जागच्या हलल्या नाहीत, तर डॉलर योग्य जागी आहेत. मग आठवणीने Ctrl+Z दाबावं, नाहीतर सभासद मिरची घेऊन दारात उभे राहतील.