खाते क्रमांकाची बेरीज कोण करतो?

चौकटीतला हिशेब : लेखांक ६

घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामध्ये लोकलची चार स्टेशने आहेत आणि विजेची एक हद्द. घाटकोपरला, तसेच अंधेरी-बोरिवलीला बहुतेक घरांत वीज येते ती अदानीची, भांडुप-मुलुंडला महावितरणची. अदानीच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक नऊ अंकी असतो, महावितरणचा बारा अंकी. आता दोन्हीकडच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी आपापल्या सभासदांचे ग्राहक क्रमांक एक्सेलमध्ये भरायला घेतले, तर घाटकोपरच्या सेक्रेटरींना काहीच वावगे दिसणार नाही. मुलुंडच्या सेक्रेटरींना मात्र 123456789012 असे टाइप करून एंटर दाबताच चौकटीत 1.23457E+11 दिसेल. संगणक तोच, एक्सेल तेच. फरक फक्त तीन अंकांचा.

एक्सेलची साधी चौकट, जिच्या स्वरूपाला General म्हणतात, ती अकरा अंकांपर्यंतचा आकडा पूर्ण दाखवते. बारावा अंक आला की ती शास्त्रज्ञांच्या पद्धतीवर जाते. 1.23457E+11 याचा अर्थ १.२३४५७ घ्या आणि दशांशचिन्ह अकरा घरे उजवीकडे सरकवा. ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्याला ही सोय आहे, कारण त्याला पुढच्या सहा अंकांशी कर्तव्य नसते. वीजबिल भरणाऱ्याला नेमके तेच सहा अंक हवे असतात.

मूळ घोटाळा असा की, चौकटीत नुसते अंक दिसले की एक्सेल ती संख्या आहे असे धरून चालते. संख्येला डावीकडचे शून्य निरर्थक, म्हणून ते गळते. पण दोन सभासदांच्या खाते क्रमांकांची बेरीज आजवर कोणत्याही खजिनदाराने केलेली नाही. ती अंकांत लिहिलेली ओळख असते आणि तिच्यात पहिला शून्य आडनावाइतकाच मोलाचा. महापालिकेचा मालमत्ता कराचा खाते क्रमांक या तडाख्यातून सुटतो, कारण त्याच्या सुरुवातीला वॉर्डाची अक्षरे असतात. अंधेरी पूर्वेला KE, पश्चिमेला KW. सुरुवातीला अशी अक्षरे दिसली की एक्सेल हात लावत नाही. बँकेचा आयएफएससी कोडही याच कारणाने शाबूत राहतो.

उपनगरांत हा प्रश्न सध्या जिथे खरोखर पैशाशी येऊन भिडतो, ती जागा म्हणजे पुनर्विकास. इमारत रिकामी झाली की बिल्डर सभासदांना दरमहा भाडे देतो. त्यासाठी सोसायटीकडून यादी मागवतात : नाव, फ्लॅट, बँक, आयएफएससी, खाते क्रमांक. समजा, मुलुंडच्या एका सोसायटीत ही यादी बनते आहे. सभासदांनी व्हॉट्सॲपवर क्रमांक पाठवले आणि खजिनदारांनी ते एकाखाली एक टाइप केले. त्यातले चार बघू. क्रमांक अर्थातच बनावट आहेत.

```
पाठवलेला क्रमांक       चौकटीत दिसलेला
30123456789        30123456789
034512345678       34512345678
50100123456789     5.01001E+13
4056789012345678   4.05679E+15
```

पहिला स्टेट बँकेच्या धर्तीचा, अकरा अंकी. त्याला काही झाले नाही.

तिसरा चौदा अंकी. दिसायला भयंकर, पण सध्या तरी फक्त दिसण्याचाच बिघाड आहे. चौकटीवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिले तर पूर्ण क्रमांक तिथे जागेवर असतो. Format Cells मध्ये Number निवडून दशांश शून्य केले की चौकटीतही तो परत येतो.

चौथा सोळा अंकी, पंजाब नॅशनल बँक देते तसा. इथे नुसत्या दिसण्याचा प्रश्न उरलेला नाही. फॉर्म्युला बारमध्येही आता 4056789012345670 असेल. शेवटच्या ८ च्या जागी शून्य आले. एक्सेल प्रत्येक संख्या चौसष्ट बिटांत साठवते. त्यातले बावन्न बिट अंकांच्या वाट्याला येतात, आणि त्यांत पंधरा अंकी कोणतीही पूर्ण संख्या बिनचूक मावते. सोळा अंकी सगळ्याच मावत नाहीत. म्हणून एक्सेलने पंधराव्या अंकावर रेघ मारली आहे. त्यापुढे जे काही टाइप कराल त्याचे शून्य होते. स्वरूप बदलून, सूत्र लावून, कशानेही तो ८ परत येत नाही. सभासदालाच पुन्हा विचारावे लागते. शेजारच्या बिऱ्हाडाचे खाते त्याच शाखेत असेल आणि क्रमांक शेवटच्या अंकापुरता वेगळा असेल, तर यादीत दोघांचा क्रमांक एकच होऊन बसतो.

मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो दुसरा. तो बारा अंकी होता, पहिला शून्य गळून अकरा अंकी झाला. ना ई, ना अधिक चिन्ह. उलट तो स्टेट बँकेचा क्रमांक वाटावा इतका सोज्वळ दिसतो. ज्या बँकांच्या खाते क्रमांकाची सुरुवात शाखेच्या क्रमांकाने होते, तिथे शून्याने सुरू होणारे क्रमांक सर्रास असतात. लँडलाइनचेही तेच. 022 आणि पुढचे आठ अंक सलग टाइप केले की शून्य जाऊन दहा अंक उरतात आणि यादी चाळणाऱ्याला तो मोबाइल वाटतो. मुंबईचा मोबाइल २ ने सुरू होत नाही, एवढे लक्षात ठेवले तर तो ओळखता येतो.

आपल्या पत्त्यांवर मात्र ही आफत आली नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या पिनकोडची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या पिनकोडचा पहिला अंक १ ते ९ यांपैकीच असतो, त्यामुळे मुलुंडचा ४०००८० एक्सेलमधून सहीसलामत बाहेर पडतो. पण मुलुंडहून न्यू जर्सीतल्या एडिसनला लग्नपत्रिका पाठवायच्या असतील तर तिथला 08820 चौकटीत 8820 होतो.

परत यादीकडे. आतापर्यंतचे नुकसान निम्मे तरी भरून निघण्यासारखे आहे. खरा घात होतो तो पुढच्या पायरीवर, यादी सीएसव्ही करताना. एकगठ्ठा पैसे पाठवण्याच्या बँकांच्या सोयींत अनेकदा याच प्रकारची फाइल मागतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम घातलेला निव्वळ मजकूर. स्वरूप, रंग, रुंदी यांना तिथे जागा नाही. आणि ती करताना एक्सेल चौकटीच्या पोटात काय आहे ते लिहीत नाही, चौकटीत जे दिसते ते लिहिते. म्हणजे तिसऱ्या सभासदाच्या नावापुढे फाइलीत 5.01001E+13 हीच अक्षरे उतरतात. फाइल बंद करून उघडली की त्याचा अर्थ 50100100000000 असा लागतो. फॉर्म्युला बारमध्ये शाबूत असलेले आठ अंक कायमचे गेले.

याहून वाईट म्हणजे, सगळे बरोबर करूनही हे घडू शकते. खजिनदारांनी नीट बनवलेली सीएसव्ही, शून्यासकट, कमिटीच्या ग्रुपवर टाकली. कुणीतरी ती एकदा नजरेखालून घालावी म्हणून डबल क्लिकने उघडली. उघडतानाच एक्सेलने शून्ये गाळली आणि अकराहून जास्त अंकांच्या क्रमांकांचे ई केले. सवयीने सेव्ह दाबले गेले आणि तीच प्रत पुढे गेली. म्हणून सीएसव्ही तपासायची ती नोटपॅडमध्ये. एक्सेलमध्येच बघायची असेल तर डबल क्लिक न करता Data मधल्या From Text/CSV वाटेने आणायची आणि खाते क्रमांकाच्या स्तंभाचा प्रकार Text करायचा.

चुकीच्या क्रमांकाला बँक नावावरून अडवेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेच्या १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकानुसार एनईएफटीसारख्या व्यवहारांत पैसे निव्वळ खाते क्रमांकावरून जमा करण्याची बँकांना मुभा आहे. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. खातेधारकाचे नाव आधी बघण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगण्यात आले, पण ते नाव बघून थांबायचे पाठवणाऱ्यालाच. बहुतेक वेळा असा क्रमांक अस्तित्वात नसतो आणि पैसे परत येतात. तसे होणे त्यातल्या त्यात नशीब.

मग करायचे काय? क्रमांक भरण्याआधी सबंध स्तंभ निवडून Format Cells मध्ये Text करायचा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी Text, मग क्रमांक. आधी भरून नंतर Text केले तर गळलेला शून्य येत नाही आणि ई तसाच राहतो. एखाददुसरा क्रमांक असेल तर त्याच्या आधी उभे अवतरणचिन्ह टाइप केले तरी भागते. ते चौकटीत दिसत नाही. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो आणि त्यावर Convert to Number असा पर्याय पुढे केला जातो. नेमका तोच दाबायचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज आणि मॅकवरच्या एक्सेलमध्ये अंकांना संख्या धरण्याची ही सवय बंद करण्याची सोय दिली. विंडोजवर ती File, Options, Data या वाटेने Automatic Data Conversion खाली सापडते. पण ती सोय तुमच्या संगणकापुरती. फाइल ज्याच्याकडे जाईल त्याचे एक्सेल जुन्याच वळणावर असू शकते.

हातात आयती यादी आली असेल तर तिच्या शेजारी एक स्तंभ लांबीचा लावावा. क्रमांक E मध्ये असतील तर असे :

```
=LEN(E2)
```

एका बँकेचे क्रमांक सहसा एकाच लांबीचे असतात. बाकीचे बारा आणि एक अकरा आला, तर शून्य गळाला असावा. बँक निश्चित माहीत असेल तर तो भरता येतो :

```
=TEXT(E2,"000000000000")
```

शेपटीला सहा-आठ शून्ये असलेले क्रमांक दिसले तर ती फाइल मधे कुठेतरी सीएसव्ही होऊन आली आहे असे समजावे. सोळा अंकी सगळे क्रमांक शून्यानेच संपत असतील तर पंधराची रेघ लागली आहे. या दोन्हींना सूत्र नाही. सभासदाकडून पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला धनादेश मागवणे, एवढाच मार्ग.

एक खाचखळगा मुरलेल्यांनाही पाडतो. क्रमांक नीट Text म्हणून भरले, सोळाही अंक जागेवर आहेत, आणि आता दुबार नोंदी शोधायला COUNTIF लावले. हे सूत्र मजकुरातल्या अंकांनाही संख्या समजूनच तोलते, म्हणजे पुन्हा पंधराच अंक बघते. त्यामुळे शेवटच्या अंकापुरते वेगळे असलेले दोन शेजारी त्याला एकच वाटतात, आणि खजिनदार बरोबर असलेली एक नोंद पुसून टाकतात. क्रमांकाच्या शेवटी तारका जोडली की सूत्राला ती अक्षरे म्हणूनच बघावी लागतात आणि सोळाही अंक मोजले जातात :

```
=COUNTIF(E$2:E$49,E2&"*")
```